जामीन अर्जातील कथन कसे लिहावे: सहआरोपीशी समानता, गावाशी असलेले नाते आणि फरार होण्याची शंका

सत्र न्यायालयात नियमित जामिनासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८३ खाली अर्ज केला जातो. १ जुलै २०२४ पूर्वी हाच अर्ज फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३९ खाली होत असे. कलम बदलले, पण अर्जातील मजकुराची सवय बदलली नाही. ‘अर्जदार हा वर नमूद पत्त्यावरील कायमचा रहिवासी असून तो फरार होण्याची शक्यता नाही, तसेच सहआरोपीस जामीन मंजूर झाला असल्याने पॅरिटीच्या तत्त्वावर अर्जदारही जामिनास पात्र आहे’ हे वाक्य मी शेकडो अर्जांत वाचले आहे, आणि वकिलीच्या पहिल्या दोन वर्षांत स्वतःही लिहिले आहे. त्यात चूक काहीच नाही. मात्र ते कोणत्याही आरोपीच्या अर्जात बसते, त्यामुळे या आरोपीविषयी न्यायाधीशांना त्यातून काहीच कळत नाही.

नव्याने फौजदारी बाजूला काम सुरू केलेल्या वकिलांसाठी हा लेख आहे. त्यातील तीन मुद्दे कागदावर कसे उभे करायचे हे सांगण्यासाठी मी एक काल्पनिक प्रकरण घेतो. गाव बीड जिल्ह्यातील आहे. बांधावरून दोन भावकींत भांडण झाले आणि पाच जणांविरुद्ध भारतीय न्याय संहितेच्या कलम १०९ खाली, म्हणजे खुनाच्या प्रयत्नाचा, तसेच बेकायदेशीर जमावाचा गुन्हा दाखल झाला. फिर्यादीनुसार आरोपी क्रमांक १ ने फिर्यादीच्या भावाच्या डोक्यात कोयता मारला, क्रमांक २ ने हातावर लोखंडी गज मारला, क्रमांक ३ ने पाठीवर आणि क्रमांक ४ ने मांडीवर काठी मारली, तर क्रमांक ५ ने लाथाबुक्क्यांनी मारहाण केली. क्रमांक ५ ला अटकपूर्व जामीन मिळाला आहे. क्रमांक ३ ला दोषारोपपत्र दाखल झाल्यावर जामीन मिळाला असून क्रमांक १ चा अर्ज फेटाळला गेला आहे. आपला अर्जदार क्रमांक ४ हा ऊसतोड मजूर आहे. घटना सप्टेंबरमधील असून अर्जदार तेव्हापासून कोठडीत आहे आणि दोषारोपपत्र डिसेंबरमध्ये दाखल झाले आहे.

पहिली पायरी: लिहिण्याआधी कागद जमवा आणि पत्ते जुळवा

फिर्याद, अटक पंचनामा, रिमांड अहवाल, वैद्यकीय प्रमाणपत्र, जप्ती पंचनामा, पूर्ण दोषारोपपत्र आणि सहआरोपींच्या जामीन आदेशांच्या प्रमाणित प्रती हातात येईपर्यंत मसुद्याला हात घालू नये. कुटुंबीयांकडून आधार कार्ड, शिधापत्रिका, मतदार ओळखपत्र, घरपट्टीची पावती, सातबारा, आठ-अ उतारा आणि मुलांच्या शाळेचे बोनाफाईड दाखले मागवावेत.

कागद आले की सर्वप्रथम पत्ते जुळवावेत. फिर्यादीतील पत्ता, अटक पंचनाम्यातील पत्ता आणि आधारवरील पत्ता वेगवेगळे निघणे ही आपल्याकडची नित्याची गोष्ट आहे. आपल्या अर्जदाराच्या आधारवर शेजारच्या तालुक्यातील वस्तीचा पत्ता आहे, कारण त्याने आधार काढले तेव्हा तो मामाकडे राहत होता. हा फरक आपण स्वतः अर्जात सांगितला, तर तो एका वाक्यात मिटतो. तो सरकारी वकिलांच्या लेखी म्हणण्यात पहिल्यांदा आला, तर ‘आरोपीचा पत्ता निश्चित नाही’ असा त्याचा अर्थ लावला जातो आणि पुढची सर्व मेहनत त्या एका ओळीखाली दबते.

याच टप्प्यावर अर्जदाराचे आधीचे जामीन अर्ज, ते कोणत्या न्यायालयात होते आणि त्यांचे काय झाले, तसेच त्याच्यावरील पूर्वीचे गुन्हे यांची नोंद करावी. जामीन अर्जात आधीच्या अर्जांचा तपशील देण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने कुशा दुरुका प्रकरणात २०२४ साली स्पष्ट निर्देश दिले आहेत. हा परिच्छेद अर्जाच्या सुरुवातीलाच असावा.

दुसरी पायरी: पॅरिटी माणसांची नव्हे, भूमिकेची मांडा

पॅरिटी म्हणजे सारख्या स्थितीतील दोन आरोपींना सारखी वागणूक मिळावी, हे संविधानाच्या अनुच्छेद १४ शी जोडलेले तत्त्व. नवीन वकिलांचा गैरसमज असा असतो, की सहआरोपीचा जामीन आदेश जोडला की पॅरिटी सिद्ध झाली. सर्वोच्च न्यायालयाने रमेश भवन राठोड प्रकरणात २०२१ साली नेमका हाच गैरसमज दूर केला. पाच जणांच्या हत्येच्या त्या प्रकरणात उच्च न्यायालयाने पॅरिटीवर दिलेले जामीन रद्द करताना न्यायालयाने सांगितले, की प्रत्येक आरोपीची भूमिका आणि घटनेच्या व बळींच्या संदर्भात त्याचे स्थान पाहणे अत्यंत महत्त्वाचे आहे. वरवरच्या साम्यावरून पॅरिटी ठरवता येत नाही. ‘दोघांच्याही हातात काठ्या होत्या’ एवढ्यावर म्हणूनच थांबता येणार नाही.

सहआरोपीचा आदेश हातात आला की आधी शेवटचे पान सोडून मधली पाने वाचावीत. जामीन कशामुळे मिळाला हे तिथे लिहिलेले असते. आजारपणामुळे, स्त्री असल्यामुळे किंवा मुदतीत दोषारोपपत्र न आल्यामुळे मिळालेल्या जामिनावर आपल्या अर्जदाराची पॅरिटी उभी राहत नाही, कारण ते कारण सहआरोपीचे वैयक्तिक असते. आदेशात कारणेच नसतील तर त्याचा आधार दुबळा असतो, आणि त्या आदेशाला वरच्या न्यायालयात आव्हान दिलेले असेल तर तेही आपण सांगितले पाहिजे. आपल्या प्रकरणात क्रमांक ३ ला जामीन देताना न्यायालयाने तीन कारणे दिली आहेत: त्याच्या वाराने झालेली दुखापत साधी आहे, तपास पूर्ण झाला आहे आणि खटला लवकर उभा राहण्याची चिन्हे नाहीत. ही तीनही कारणे क्रमांक ४ ला लागू पडतात, त्यामुळे कथनाची रचना याच क्रमाने करावी.

क्रमांक ५ ला मिळालेला अटकपूर्व जामीन मी या अर्जात आधार म्हणून घेणार नाही, कारण त्याच्या हातात काहीच नव्हते. त्याचे उदाहरण पुढे केले की सरकारी वकिलांना फरक दाखवण्याची संधी मिळते आणि क्रमांक ३ शी असलेले खरे साम्य झाकोळते. एकच तुलना, पण पूर्ण, असा माझा आग्रह असतो.

आता अडचणीची बाजू. क्रमांक ४ ने पोलिसांसमोर दिलेल्या निवेदनावरून त्याच्या गोठ्यातून काठी जप्त झाली आहे, तर क्रमांक ३ कडून काहीही जप्त नाही. हा फरक लपवून पॅरिटी मागितली, तर सुनावणीत पहिला प्रश्न याच जप्तीवर येईल. परिच्छेद साधारण असा लिहावा:

‘अर्जदार व आरोपी क्रमांक ३ या दोघांवर काठीने प्रत्येकी एक वार केल्याचा आरोप आहे. वैद्यकीय प्रमाणपत्रानुसार पाठीवरील व मांडीवरील या दोन्ही दुखापती साध्या स्वरूपाच्या असून एकमेव गंभीर दुखापत डोक्यावरील आहे, आणि फिर्यादीनेच ती आरोपी क्रमांक १ कडे निर्देशित केली आहे. अर्जदाराकडून काठी जप्त झाली आहे व आरोपी क्रमांक ३ कडून तशी जप्ती नाही, हा फरक अर्जदार नाकारत नाही. तथापि सदर काठी गोठ्यात नेहमी वापरली जाणारी असून जप्ती पंचनाम्यात तिच्यावर रक्ताचे डाग असल्याची नोंद नाही, आणि जप्ती पूर्ण झाल्याने त्या कारणासाठी अर्जदाराची कोठडी आता आवश्यक राहिलेली नाही.’

त्याच्या लगेच खाली क्रमांक १ चा अर्ज का फेटाळला गेला आणि ते कारण अर्जदाराला का लागू होत नाही, हे दोन वाक्यांत सांगावे. सहआरोपीला मिळालेला नकार वगळणे हे पॅरिटीच्या अर्जातील सर्वांत महागात पडणारे मौन आहे. न्यायाधीश तेच असतील तर तो आदेश त्यांनीच दिलेला असतो.

तिसरी पायरी: गावाशी असलेले नाते म्हणजे दाखल्यांची चळत नव्हे

हुसैनारा खातून प्रकरणात १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने समाजातील मुळे कशी पाहावीत हे सांगितले. त्या ठिकाणी किती काळ वास्तव्य आहे, काम आणि आर्थिक स्थिती काय आहे, कौटुंबिक संबंध कसे आहेत, पूर्वी जामिनावर सुटल्यावर वर्तन कसे होते, आणि त्याच्याविषयी खात्री देऊ शकतील अशी जबाबदार माणसे कोण आहेत, असे हे प्रश्न आहेत. मसुदा लिहिताना हे प्रश्न समोर ठेवून अर्जदाराच्या पत्नीशी किंवा आईशी अर्धा तास बोलावे. उपयोगी माहिती बहुधा दाखल्यांत नसते, ती या बोलण्यात निघते.

आपल्या अर्जदाराविषयी असे कळले: आठ-अ उताऱ्यावर त्याच्या वडिलांच्या नावे कोरडवाहू दोन एकर आहेत, घर ग्रामपंचायतीच्या नोंदीत आहे, थोरली मुलगी गावच्या शाळेत सहावीत आहे, आईच्या डोळ्यांचे ऑपरेशन ठरले होते ते राहिले आहे, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी यंदा पत्नी एकटीच भावासोबत तोडीला गेली आहे.

यातील प्रत्येक गोष्ट अर्जात घ्यायची, पण तिच्यासमोर निशाणी क्रमांक आणि जोडलेला कागद असला पाहिजे. कागद नसलेली गोष्ट शपथपत्रात पत्नीच्या किंवा आईच्या तोंडून यावी. माझ्या एका जुन्या अर्जात मी ‘अर्जदार हा कुटुंबातील एकमेव कमावता आहे’ असे लिहिले होते आणि जोडलेल्या सातबाऱ्यावर त्याच्या दोन सज्ञान भावांची नावे होती. न्यायाधीशांनी सातबारा समोर धरून हे भाऊ काय करतात असे विचारले, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते. अर्ज फेटाळला गेला. तो त्याच वाक्यामुळे फेटाळला गेला असे मी म्हणणार नाही, पण त्या क्षणानंतर माझ्या इतर विधानांवरचा विश्वास कमी झाला हे मला दिसत होते. तेव्हापासून ‘एकमेव’ हा शब्द मी कागद पाहिल्याशिवाय लिहीत नाही.

या मुद्द्याला दुसरी धारही आहे आणि नवीन वकिलांच्या ती सहसा लक्षात येत नाही. अर्जदाराचे घर, शेत आणि भावकी गावात आहे हे जितक्या ठामपणे आपण सांगू, तितक्याच सहजपणे सरकार पक्ष म्हणेल, की फिर्यादीचे घरही त्याच गावात आहे, दोघांचा बांध एक आहे, आणि अर्जदार सुटला तर साक्षीदारांवर दबाव आणेल. म्हणून याचे उत्तर अर्जातच असावे. आपला अर्जदार साक्षीपुरावा होईपर्यंत शेजारच्या तालुक्यात बहिणीकडे राहण्यास तयार आहे, बहिणीच्या पतीचे तसे शपथपत्र जोडले आहे, आणि तोच जामीनदार राहणार आहे, असे लिहिले की मुळे आणि अंतर या दोन्ही गोष्टी एकाच कुटुंबातून सिद्ध होतात. अर्जदाराला विचारल्याशिवाय ही अट मात्र देऊ नये. शेत एकट्या म्हाताऱ्या वडिलांवर टाकून वर्षभर गावाबाहेर राहणे त्याला खरोखर जमणार आहे का, हे आधी कळले पाहिजे.

चौथी पायरी: फरार होण्याची शंका घटनाक्रमाने दूर करा

‘फरार होणार नाही’ हे भविष्याविषयीचे आश्वासन आहे, आणि ते कोणीही देऊ शकतो. न्यायालयाला उपयोगी पडते ते, मोकळा असताना अर्जदार कसा वागला हे. त्यासाठी सर्वांत चांगला पुरावा बहुधा सरकार पक्षाच्याच कागदांत असतो. आपल्या अर्जदाराचा अटक पंचनामा पाहा: घटना १२ तारखेची, गुन्हा त्याच रात्री नोंद, अटक १५ तारखेला सकाळी साडेसात वाजता, ठिकाण ‘आरोपीचे राहते घर’. आपले नाव गुन्ह्यात आहे हे गावात सर्वांना माहीत असताना तीन दिवस हा माणूस घरीच होता. अर्जात ही गोष्ट तारीख, वेळ आणि पंचनाम्याच्या पान क्रमांकासह लिहावी आणि तिच्यावर विशेषणे चढवू नयेत.

दुसरा पुरावा म्हणजे जुना खटला. अर्जदारावर २०१८ साली मारहाणीचा एक गुन्हा होता आणि त्यात तो निर्दोष सुटला. बरेच वकील निर्दोष सुटका झाल्याचे सांगून पुढे जातात. मी त्या खटल्याच्या रोजनाम्याची प्रमाणित प्रत काढायला सांगेन. आपल्या उदाहरणात त्या खटल्याच्या १९ तारखा झाल्या, त्यांतील १८ तारखांना अर्जदार हजर होता, आणि एका तारखेला तो तोडीवर असल्याने त्याच्या वकिलाने गैरहजेरी माफीचा अर्ज दिला होता व तो मंजूर झाला होता. ज्या गुन्ह्याचा उल्लेख सरकारी वकील पूर्वेतिहास म्हणून करणार आहेत, त्याच गुन्ह्याचा रोजनामा अर्जदाराच्या नियमित हजेरीची साक्ष देतो.

यानंतर येतो स्थलांतराचा प्रश्न. ऊसतोड मजूर हंगामात साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात असतो. तपास अधिकारी लिहितात, ‘आरोपी कामानिमित्त सतत बाहेरगावी असतो, जामिनावर सुटल्यास मिळून येणार नाही.’ अनेक मसुद्यांत यावर उपाय म्हणून तोडीचा उल्लेखच गाळला जातो आणि अर्जदाराला ‘शेतकरी’ म्हटले जाते. हे खोटे नाही, पण अपुरे आहे, आणि उघडे पडल्यावर ते लपवाछपवीसारखे दिसते. त्याऐवजी स्थलांतर कसे ठरलेले आणि शोधता येण्यासारखे असते ते सांगावे:

‘अर्जदार गेली नऊ वर्षे ऊसतोडीसाठी जात असून प्रत्येक हंगामानंतर गावी परत आला आहे. तो ज्या मुकादमाच्या टोळीत काम करतो त्याचे शपथपत्र निशाणी ८ वर जोडले आहे. टोळी कोणत्या कारखान्याच्या कोणत्या गटात उतरते हे त्यात नमूद आहे. जामीन मंजूर झाल्यास अर्जदार कामाचे ठिकाण व दूरध्वनी क्रमांक काम सुरू होण्याच्या आत तपास अधिकाऱ्यास लेखी कळवील.’

पारपत्र नसेल तर तसे एका ओळीत सांगावे. असेल तर ते जमा करण्याची तयारी लिहावी. मोबाईलवरचे स्थान सतत पोलिसांना दाखवण्याची अट स्वतःहून देऊ नये. आरोपीने नकाशावर स्थान उघड ठेवण्याची अट घालता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली फ्रँक व्हायटस प्रकरणात म्हटले आहे.

पाचवी पायरी: पाळता येतील अशाच अटी मागा

अर्जाच्या शेवटी बहुतेक जण ‘न्यायालय घालील त्या सर्व अटी मान्य आहेत’ असे लिहून थांबतात. त्यातून ‘दर रविवारी सकाळी १० ते १२ या वेळेत संबंधित पोलीस ठाण्यात हजेरी’ ही अट येते. आपला अर्जदार तोडीला गेला तर पोलीस ठाणे तीनशे किलोमीटर दूर राहते. दुसऱ्याच रविवारी हजेरी चुकते, तिसऱ्या आठवड्यात अहवाल जातो आणि जामीन रद्द करण्याचा अर्ज येतो. मग फरार न झालेला माणूस कागदावर फरार ठरतो. म्हणून महिन्यातून एकदा हजेरी, किंवा हंगामात कारखान्याजवळच्या पोलीस ठाण्यात हजेरी, अशी नेमकी विनंती आधीच करावी.

जामीनदाराचेही तसेच आहे. बहिणीचा पती दुसऱ्या तालुक्यातील आहे आणि उद्या तो दुसऱ्या जिल्ह्यातीलही असू शकतो. मोतीराम प्रकरणात एका गवंड्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला गेला होता आणि जामीनदाराची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारला गेला होता. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने ते चुकीचे ठरवले आणि रक्कम एक हजारावर आणली. जामीनदाराचा सातबारा आणि ऐपतीचा दाखला सुनावणीआधी तयार ठेवावा, आणि दाखला मिळायला वेळ लागणार असेल तर तोपर्यंत रोख रक्कम भरून सुटका व्हावी अशी पर्यायी विनंती अर्जातच करावी. आदेश मिळूनही जामीनदाराच्या कागदांअभावी आरोपी तुरुंगातच राहणे ही नेहमी घडणारी गोष्ट आहे.

मसुदा पूर्ण झाल्यावर मी एक पडताळणी करतो. अर्जदाराचे नाव आणि गाव झाकून अर्ज वाचतो. उरलेला मजकूर दुसऱ्या आरोपीलाही बसत असेल, तर तो परिच्छेद खोडून पुन्हा लिहितो. मग प्रत्येक विधानासमोर पेन्सिलीने निशाणी क्रमांक टाकतो, आणि ज्या विधानासमोर क्रमांक येत नाही, त्यासाठी त्याच संध्याकाळी कुटुंबीयांना फोन करतो.